खनिजांवर कर कोणी लावायचा?

केंद्र आणि राज्यांच्या अधिकारवाटपावर परिसंवाद घ्यायचा असेल, तर माझ्या मते चर्चा खाणींपासून सुरू करावी. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी आठ विरुद्ध एक मताने निकाल दिला की, खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांचा आहे.

वादाचे मूळ असे. खाण चालवणारी कंपनी दर टनामागे रॉयल्टी भरते. ती बहुतेक ठिकाणी राज्याच्या तिजोरीत जाते, पण कोळसा, लोहखनिज अशा प्रमुख खनिजांचा दर १९५७ च्या कायद्याखाली केंद्र ठरवते. राज्यांनी त्यावर आपला कर बसवला, तेव्हा कंपन्या म्हणाल्या, रॉयल्टी हाच कर आहे, त्यावर दुसरा कसा? १९८९ मध्ये सात न्यायाधीशांनी हे मान्यही केले होते.

म्हणून परिसंवादातला पहिला प्रश्न हा ठेवावा: खनिजाची मालकी खासगी असेल, तर रॉयल्टी त्या मालकाला मिळते. मग तिला कर म्हणता येईल का? कर सरकारच घेते आणि तो सक्तीचा असतो. रॉयल्टी हा भाडेपट्ट्यातून येणारा, खनिजाचा मोबदला असतो. बहुमताने हाच फरक धरला आणि मला तो पटतो.

दुसरा प्रश्न अवघड आहे. राज्यसूचीतली ५० वी नोंद खनिज हक्कांवरील कर राज्यांना देते, पण संसदेने खनिज विकासाच्या कायद्यात घातलेल्या मर्यादांच्या अधीन राहून. १९५७ च्या कायद्यात अशी मर्यादा नाही, असे न्यायालय म्हणाले. याचा अर्थ संसद ती पुढे घालू शकते, अगदी करबंदीपर्यंत. मग राज्याने जिंकले काय? इथे ४९ वी नोंद पाहावी. जमिनीवरील कर राज्याचा आहे आणि त्यावर संसदेच्या खनिज कायद्याची अट नाही. खाणीच्या जमिनीचा कर ठरवताना निघालेल्या खनिजाचे मूल्य मोजमाप म्हणून वापरता येते, हेही बहुमताने मान्य केले. एका दाराला संसदेने कडी लावली, तर राज्य दुसऱ्या दाराने तेवढीच रक्कम वसूल करू शकेल का? विद्यार्थ्यांनी इथे थांबून वाद घालावा.

असहमत असलेल्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांची बाजूही कुणीतरी मनापासून मांडली पाहिजे. त्यांच्या मते रॉयल्टी कराच्याच स्वरूपाची आहे. राज्याराज्यांत चढाओढ लागली तर दर विस्कळीत होतील आणि देशभर खनिज विकासाचे एकसारखे धोरण उरणार नाही.

नंतर १४ ऑगस्टला न्यायालयाने राज्यांना १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी मागण्याची मुभा दिली. १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत. २५ जुलै २०२४ पूर्वीच्या मागण्यांवरील व्याज आणि दंड मात्र माफ केला.