डोक्यावरील चकती आणि छायाचित्राची साक्ष

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील आश्रमशाळांत मुले एकत्र राहतात. कंगवाही पुष्कळदा सामाईक असतो. तेथील एखाद्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी केशहीन चकती दिसली, तर ती चाई की बुरशीचा नायटा, हे लवकर ठरावे लागते. चाई संसर्गजन्य नाही. नायटा मात्र कंगव्यावाटे पसरतो.

त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावयाचे छायाचित्र तेल न लावलेल्या डोक्याचे असावे, कारण तेलाने पापुद्रे झाकले जातात. दिवसाच्या उजेडात एक छायाचित्र संपूर्ण डोक्याचे व दुसरे चकतीच्या कडेचे, अगदी जवळून घ्यावे. या कडेवरच पुष्कळसे अवलंबून असते. चाईत त्वचा गुळगुळीत असून कडेचे आखूड केस मुळाकडे निमुळते होतात. नायट्यात पापुद्रे दिसतात आणि केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके उरतात. आनुवंशिक विरळता ही बहुतेक प्रौढांची बाब. तीत चकती नसते. पुरुषांचे कपाळाचे कोपरे मागे सरतात, टाळू विरळ होते. स्त्रियांचा भांग रुंदावतो.

तरीही छायाचित्रावरून अंदाजच बांधता येतो. खरवडलेले पापुद्रे व तुटके केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले म्हणजे बुरशीची खात्री पटते. नायट्याला नुसते मलम पुरत नाही. औषध केसाच्या मुळाशी पोचण्यासाठी ग्रिसिओफुल्विनसारखी गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण 6 ते 8 आठवडे घ्यावी लागते. चाई समजून स्टेरॉइडचे मलम चोळल्यास लाली तात्पुरती मावळते, बुरशी मात्र वाढत राहते व पुढील छायाचित्रही फसवे ठरते. पू धरलेली मऊ सूज दिसताच मुलास मंचर वा जुन्नरच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. विलंब झाल्यास त्या जागी कायमचे टक्कल राहू शकते.