दिवस गेल्यापासून : लेखांक ११ – 'सकाळी बघू' म्हणण्याआधी

बाळंतपणात आई का दगावते, याचा शोध घेताना थॅडियस आणि मेन या दोघी अभ्यासकांनी १९९४ साली उशिराचे तीन टप्पे मांडले. निघायचं ठरवायला उशीर, दवाखान्यात पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. यातले शेवटचे दोन रस्ता, गाडी, डॉक्टर यांच्या हाती असतात. पहिला मात्र घरातच होतो. तो नेहमी अडाणीपणामुळे होतो, असं मला वाटत नाही. शिकलेल्या घरांतही होतो, कारण आपण आजाराचं गांभीर्य दुखण्यावरून जोखतो. फार दुखत नाही, मग सकाळी बघू. गरोदरपणातल्या धोक्याच्या खुणांना हीच मोजपट्टी लागू पडत नाही.

डोकेदुखीचंच घ्या. समजा, आठवा महिना चालू आहे. दुपारपासून कपाळ ठणकतंय, पॅरासिटामॉल घेऊनही उतरलेलं नाही. चेहरा सुजल्यासारखा वाटतो, पण सूज सगळ्यांनाच येते असं घरचे म्हणतात. संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि उजव्या बरगडीखाली दुखू लागतं, तेव्हा पित्त झालं म्हणून गोळी दिली जाते. प्रत्येक तक्रारीला घरात एक साधं कारण सापडतं, आणि त्यातच रात्र जाते. या साऱ्यामागे एकच आजार असू शकतो, प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर वाढणारा आणि मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांनाही धरणारा रक्तदाब. मागच्या आठवड्यात रक्तदाब चांगला होता, ही आज खात्री ठरत नाही. तो काही दिवसांत चढू शकतो. १४०/९० झाला की तपासणी हवी, १६०/११० झाला की तातडीचे उपचार. दवाखान्यात रक्तदाब मोजतात, लघवीत प्रथिनं आहेत का ते पाहतात, रक्त तपासतात. झटके येण्याचा धोका दिसला तर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. औषध स्वस्त आणि जुनं आहे; खरा लाभ मात्र झटका येण्याआधी पोहोचलेल्या बाईलाच होतो. हा आजार बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत डोकं वर काढू शकतो, म्हणून बाळंतिणीची डोकेदुखी जागरणावर ढकलू नये.

रक्तस्रावात फसगत उलट्या बाजूने होते. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर लालभडक रक्त जातं, पण दुखत नाही. म्हणून धीर धरला जातो. वार आधीच सुटली तर पोट दगडासारखं घट्ट होतं, सतत दुखतं, आणि रक्त आतच साठल्याने बाहेर थोडंच दिसतं. म्हणजे दुखणं नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही, आणि कपड्याला थोडंच लागलं म्हणूनही नाही. पहिल्या तीन महिन्यांत थोडं अंगावरून जाऊनही गर्भ पुढे नीट वाढतो, हे खरं. तरी तपासणी त्याच दिवशी हवी. सोबत पोटात एका बाजूला कळ किंवा चक्कर असेल तर गर्भ नळीत असण्याची शक्यता धरून ताबडतोब निघावं. वार कुठे आहे हे सोनोग्राफीत कळेपर्यंत आतून तपासू देऊ नये.

बाळाच्या हालचालींबाबत एक आक्षेप रास्त आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हालचालींविषयी स्त्रियांना जागरूक केलं गेलं. मृतजन्म ठोसपणे कमी झाल्याचं दिसलं नाही, सिझेरियन मात्र वाढली. मग घाबरवायचं कशाला? या निष्कर्षातून मी एवढंच घेईन की रोज वही घेऊन लाथा मोजत बसण्याची गरज नाही. पण बाळ नेहमीपेक्षा कमी हलतंय असं आईला जाणवलं, तर बाळाचे ठोके तपासून घेण्याला पर्याय उरत नाही. 'शेवटी जागा कमी पडते, म्हणून बाळ शांत होतं' हा समज चुकीचा आहे. हालचालींची तऱ्हा बदलते, पण त्या थांबत नाहीत. अठ्ठावीस आठवड्यांनंतर शंका वाटली तर डाव्या कुशीवर पडून दोन तास लक्ष द्यावं. दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर निघावं. हालचाल थांबलीच असेल तर ते दोन तासही घालवू नयेत. घरच्या यंत्रात ठोका ऐकू आला म्हणून थांबणंही चूकच, कारण त्रासात असलेल्या बाळाचाही ठोका ऐकू येतो.

बहुतेक वेळा तपासणीत काहीच निघत नाही, हेलपाटा पडतो, अशी घरच्यांची कुरकुर असते. ती खोटी नाही. पण कोणता हेलपाटा फुकट जाईल हे निघण्याआधी ओळखायला घरात काहीच साधन नाही. रक्तदाब, सोनोग्राफी, ठोक्यांचा आलेख या गोष्टी दवाखान्यातच होतात. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. जिथे रात्री रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय आहे ते रुग्णालय आशाताईंकडून आठव्या महिन्याआधीच विचारून ठेवावं, माता-बाल संरक्षण कार्ड हाताशी ठेवावं. आणि दारात पोहोचल्यावर 'तब्येत बरी नाही' एवढंच न सांगता, कितवा महिना, काय होतंय आणि कधीपासून, हे आधी सांगावं.