‘लिंक बायोमध्ये’च्या पुढे काय लिहायचे?

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये वेबपत्ता लिहिला तरी तो टॅप करून उघडत नाही. नुसती अक्षरे दिसतात. स्टोरीवर लिंकचे स्टिकर लावता येते, पण स्टोरी 24 तासांत दिसेनाशी होते. त्यामुळे कायम टिकणारी लिंक प्रोफाइलवरील बायोमध्ये ठेवतात आणि पोस्टखाली ‘लिंक बायोमध्ये’ असे लिहितात. या दोन शब्दांतून लिंक कुठे आहे एवढेच कळते. ती कशाची आहे, टॅप केल्यावर काय मिळेल आणि तेथपर्यंत जायचे कसे, हे वाचणाऱ्याने ओळखायचे असते. बहुतेक जण तेवढे कष्ट घेत नाहीत, पुढची रील बघतात.

कष्ट म्हणजे नेमके किती? पोस्टवरून खात्याच्या नावावर टॅप करायचे, प्रोफाइल उघडले की लिंक शोधायची, तिच्यावर टॅप करायचे आणि उघडलेल्या पानावर पुन्हा योग्य बटण शोधायचे. एप्रिल 2023 पासून बायोमध्ये पाच लिंक देता येतात, त्यामुळे आणखी एक टप्पा वाढला. लिंक एकाहून जास्त असल्या की प्रोफाइलवर पहिलीच दिसते. बाकीच्या पाहायला यादी उघडावी लागते. पाचही लिंक भरण्याचा मोह म्हणून टाळलेला बरा. चालू पोस्टशी संबंधित लिंक पहिली ठेवावी आणि प्रत्येकीला कामाचे शीर्षक द्यावे. ‘आमची वेबसाइट’ हे शीर्षक जवळपास निरुपयोगी असते.

समजा, पुण्यातील एक गृहउद्योग दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतो. चकली तळतानाच्या रीलखाली लिहिले आहे : ‘फराळ बुकिंग सुरू! लिंक बायोमध्ये.’ पाहणारी मुलगी न्यू जर्सीत आहे. तिला चकली खमंग दिसते, पण तिचे प्रश्न वेगळेच आहेत. अमेरिकेला पाठवतात का, कुरिअरसह किती पडेल, दिवाळीपूर्वी पोहोचेल का? दर देशानुसार आणि वजनानुसार बदलतात, म्हणून ते कॅप्शनमध्ये मावत नाहीत. लिंक उघडण्याचे खरे कारण नेमके हेच आहे आणि तेच लिहायचे राहून गेले आहे.

तीच ओळ अशी लिहिता येईल : ‘तुमच्या देशासाठी 2 किलो फराळाचा कुरिअरसह दर पाहायचा असेल, तर खात्याच्या नावावर टॅप करा आणि बायोतील “परदेशी फराळ : दर व बुकिंग” ही पहिली लिंक उघडा.’ आधी कारण आले, मग कृती, मग लिंकचे नाव. अवतरणातील शब्द आणि बायोतील शीर्षक अक्षरशः एकच हवेत, आणि उघडणाऱ्या पानाचा मथळाही तोच असावा. कॅप्शनमध्ये ‘दर’ म्हणायचे आणि पानावर उद्योगाच्या स्थापनेची कहाणी आधी दाखवायची, तर वाचक आल्या पावली परततो. बुकिंगची शेवटची तारीख खरी असेल तर तीही द्यावी. खोटी घाई पुढच्या वर्षी उघडी पडते.

‘वरच्या नावावर’ असे लिहू नये. साध्या पोस्टमध्ये नाव वर असते, रीलमध्ये खाली. त्याहून सोपी युक्ती म्हणजे कॅप्शनमध्येच @ लावून स्वतःच्या खात्याचे नाव लिहिणे. वेबपत्ता टॅप होत नसला तरी हे नाव टॅप होते आणि थेट प्रोफाइलवर नेते. लांब कॅप्शन एक-दोन ओळींनंतर दुमडले जाते, म्हणून निदान कारण तरी पहिल्या ओळीत यावे. एका पोस्टमध्ये एकच काम सांगावे. ‘ऑर्डर करा, फॉलो करा, मैत्रिणीला टॅग करा’ या गर्दीत ऑर्डर मागे पडते.

चूक कुठे होते आहे, हे व्यावसायिक खात्याच्या इनसाइट्समध्ये दिसते. रील खूप पाहिली गेली, पण प्रोफाइलवर फारसे कोणी आले नाही, तर ओळीतील कारण कमजोर आहे. प्रोफाइलवर आले पण लिंकवर टॅप झाले नाही, तर शीर्षक किंवा लिंकचा क्रम तपासावा. टॅप भरपूर आणि ऑर्डर मोजक्या, असे असेल तर कॅप्शन निर्दोष आहे. दोष पानात किंवा दरात शोधावा. वेबसाइटवर बायोतून आलेले लोक वेगळे मोजण्यासाठी पत्त्याला अशी शेपटी जोडतात :

```
?utm_source=instagram&utm_medium=bio&utm_campaign=diwali
```

दिवाळी सरली की बायोतील लिंक बदलते, पण रील मात्र फिरत राहते. जानेवारीत ती पाहणाऱ्याला सांगितलेल्या नावाची लिंकच सापडत नाही. अशा वेळी जुने कॅप्शन संपादित करून ती ओळ काढता येते. मात्र फराळाचे पान कायम ठेवून त्यावर ‘यंदाचे बुकिंग संपले, पुढच्या वर्षीच्या निरोपासाठी नंबर द्या’ असे लिहिणे अधिक फायद्याचे. लिंक पहिल्या क्रमांकावरून खाली गेली तरी चालेल, तिचे शीर्षक तेवढे बदलू नये. आणि त्यासाठीच कॅप्शनमधून ‘पहिली’ हा शब्द हंगाम संपताच काढून टाकावा.