सुरुंग मोजणारा कान

भोर घाटाच्या रेल्वेमार्गावर लिहिताना सुरुंगकामाबद्दल जेमतेम दोन ओळी लिहून झाल्या होत्या. ‘आज हे काम कसं चालतं ते पाहून या,’ असं संपादकांनी सांगितलं, म्हणून पुणे जिल्ह्यातल्या एका दगडखाणीवर गेले. 1863 मध्ये पूर्ण झालेल्या त्या मार्गावर बोगदे खोदले ते काळ्या दारूने आणि पेटत्या वातीने. तिथून आजपर्यंतचा इतिहास मोठा आहे, पण माझं लक्ष खिळलं ते इथल्या ब्लास्टरवर. त्यांचं अर्धं आयुष्य या बेसाल्टमध्ये गेलं आहे.

‘पूर्वी आम्ही कानानं मोजायचो,’ ते म्हणाले. बारा वाती पेटवल्या की बारा आवाज यायला हवेत. अकराच आले तर एक सुरुंग दगडात जिवंत आहे, हे साऱ्यांना कळायचं. मग अर्धा तास कुणी पुढे जायचं नाही, कारण वात कधी ओलसर होऊन रेंगाळते आणि उशिरा पेट घेते. आता आवाज मोजता येत नाहीत. आज आठ भोकं एकापाठोपाठ प्रत्येकी 25 मिलिसेकंदांच्या अंतराने उडतात आणि कानाला एकच गडगडाट ऐकू येतो.

हे अंतर ठेवतात ते दगड नीट फुटावा आणि जमिनीला हादरा कमी बसावा म्हणून. त्यासाठी वापरतात ती शॉकट्यूब, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी. तिच्या आतल्या अंगाला स्फोटक भुकटीचा पातळ थर असतो. ठिणगी मिळाली की तिच्यातून सेकंदाला सुमारे 2000 मीटर वेगाने लहर धावते, आणि तरीही नळी फुटत नाही. खरी हुशारी मात्र वेळेच्या मांडणीत आहे. भोकाच्या तळाशी असलेल्या प्रत्येक डिटोनेटरला 250 मिलिसेकंदांचा उशीर असतो, तर वरच्या जोडणीत भोकागणिक 25. लहर आठव्या भोकाशी 175 व्या मिलिसेकंदाला पोहोचते, पहिलं भोक उडतं ते 250 व्या. म्हणजे दगड हलायच्या आत आठही डिटोनेटर आपापल्या भोकात पेटलेले असतात. हा वेळ पुरेसा नसता तर पहिल्या स्फोटाने सरकलेल्या दगडाने पुढच्या नळ्या तोडल्या असत्या.

पण भोक भरताना वरच्या भरणातल्या धारदार खडीने नळी कापली गेली, तर? विजेच्या डिटोनेटरची तार मीटर लावून तपासता येत असे. ते डिटोनेटर देशात 2025 पासून बंद झाले. शॉकट्यूबला असा मीटर नाही, तिची जोडणी डोळ्यांनी आणि बोटांनीच तपासावी लागते. म्हणून ब्लास्टर प्रत्येक जोडणीपाशी वाकतात आणि भरणाला बारीक खडीच घेतात. फार मोठे तुकडे नळी कापतात, आणि नुसती धूळ वायूला रोखू शकत नाही.

सगळे सुरुंग फुटले का हे कळायला कोठाराची वहीही पुरी पडत नाही. कोठारात डिटोनेटर आणि स्फोटकं वेगवेगळ्या खोल्यांत असतात, डिटोनेटर चुकून फुटला तरी साठा पेटू नये म्हणून. आधी आलेला माल आधी बाहेर पडतो आणि उरलेला संध्याकाळी परत जमा होतो. वही सांगते, आज आठ गेले. ते आठही फुटले का, हे ती सांगू शकत नाही.

भोंगा वाजला. 1961 च्या धातुखाण नियमांत धोक्याचं क्षेत्र 300 मीटरचं आहे, या खाणीने 500 ठेवलं आहे. लाल झेंडे घेतलेले पहारेकरी वाटांवर उभे राहतात आणि प्रत्येकाचा ‘मोकळं’ हा निरोप आल्याशिवाय ब्लास्टर हात लावत नाहीत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. भोक त्याला छेदून गेलं तर वायू तिथून सुटतो आणि दगड दूर भिरकावतो. म्हणून ड्रिलरला ज्या खोलीवर तांबडी भुकटी दिसते, तिथे स्फोटक न भरता मधे खडी भरतात.

धूर निवल्यावर ब्लास्टर एकटे पुढे गेले. ढिगात कुठे दबलेला, न उचललेला भाग आहे, कुठे कड्यात दगडाचा उभा सुळका राहिला आहे, कुठे रंगीत नळी डोकावते आहे, हे ते पाहत होते. असं काही आढळलं तर खोदयंत्र थांबतं. न फुटलेल्या भोकातलं स्फोटक उपसायचं नाही, जुन्या भोकाच्या राहिलेल्या बुडात पुन्हा ड्रिल लावायचं नाही. शेजारी, किमान 30 सेंटीमीटर सोडून, जुन्या भोकाला समांतर नवं भोक घेतात. मोठ्या खाणीत ते अंतर जास्त असतं. ड्रिल तिरकं गेलं तर थेट जिवंत डिटोनेटरवर जाऊन पोहोचतं, म्हणून जुन्या भोकाची दिशा आधी नीट शोधावी लागते. उडवल्यावर ढीग हातांनी चाळून हरवलेली काडतुसं शोधतात.

याहून मोठी काळजी आहे ती ढिगात दडलेल्या सुरुंगाची. तो पाहणीतून सुटला तर दोन दिवसांनी बादलीच्या दाताखाली किंवा क्रशरच्या जबड्यात येतो, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला भोकांची मांडणी माहीत नसते. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर उडवण्याआधी एकेकाला विचारून तपासता येतात, पण लहान खडी-क्रशरला ते महाग पडतात. या खाणीत पाळी बदलताना ब्लास्टर भोकांचा नकाशा पुढच्या मुकादमाच्या हाती देतात, शंकेच्या जागेवर त्याला सोबत नेऊन उभं करतात आणि तिथला पहिला ढीग भरताना स्वतः हजर राहतात.