गावनकाशा जागेवर बसवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची प्रत मिळवायची, ती स्कॅन करायची आणि क्यूजीआयएसमध्ये उपग्रहचित्रावर बसवायची, हे काम आता रत्नागिरीत बरेच जण करतात. कुणाला पाणंद शोधायची असते, कुणाला देवराईची जुनी हद्द, कुणाला सड्यावरच्या सामाईक जमिनीचा आराखडा. नकाशा पडद्यावर दिसायला सहज बसतो. तो खरोखर बसला का, याबद्दल मात्र काही समजुती पक्क्या रुजल्या आहेत आणि त्या नकाशालाच वाकवतात.

गैरसमज: चूक शून्य दिसली म्हणजे नकाशा अचूक बसला.

नियंत्रण बिंदू म्हणजे अशी जागा, जी कागदावरही ओळखता येते आणि जमिनीवरही. `Layer > Georeferencer` उघडून असे बिंदू दिले की खालच्या तक्त्यात प्रत्येकापुढे `Residual` दिसतो. गणिताने तो बिंदू जिथे नेला आणि आपण जिथे सांगितला, त्यांतलं हे अंतर. `Polynomial 1` या प्रकाराला किमान तीन बिंदू लागतात. तीनच दिले तर हा आकडा नेहमी शून्य येणार, कारण कोणतेही तीन बिंदू या गणितात तंतोतंत बसतात, चुकीचे दिले तरीही. `Helmert` मध्ये दोन बिंदूंचं तेच, `Polynomial 2` मध्ये सहांचं आणि `Polynomial 3` मध्ये दहांचं. `Thin Plate Spline` तर कितीही बिंदू दिले तरी प्रत्येकातून नेमकं जातं, त्यामुळे तिथे हा आकडा काहीच सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. नकाशाचं प्रमाण एका इंचाला वीस साखळ्या आहे. मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी 33 फुटांची. गुंठा म्हणजे याच साखळीचा चौरस. म्हणजे एक इंच बरोबर 660 फूट, प्रमाण 1:7920. नकाशा 300 डीपीआयला स्कॅन केला, तर एक पिक्सेल जमिनीवर सुमारे 67 सेंटिमीटर होतो. आता समजा, चांगले पसरलेले दहा बिंदू दिले, पण एका वाडीतल्या विहिरीऐवजी चाळीस मीटरवरच्या शेजारच्या विहिरीवर टिचकी पडली. चूक झाली साठ पिक्सेलची. `Polynomial 1` मध्ये त्या बिंदूपुढे साधारण चाळीस-पंचेचाळीस पिक्सेल दिसतील आणि बाकीचे बिंदू आठ-दहा पिक्सेलनी ओढले जातील. एकच आकडा एवढा उठून दिसतो की चुकीची विहीर लगेच सापडते. हेच बिंदू `Thin Plate Spline` ला दिले, तर सगळीकडे शून्य दिसेल आणि त्या विहिरीभोवतीची शेतं गुपचूप चाळीस मीटर ओढली जातील.

म्हणून बारा-चौदा बिंदू शोधावेत आणि त्यातले तीन-चार गणितात घालूच नयेत. नकाशा बसवून झाल्यावर या राखून ठेवलेल्या जागा उपग्रहचित्रावर किती सरकल्या आहेत, ते मोजपट्टीने पाहावं. अचूकतेचा खरा आकडा हाच.

गैरसमज: वरचा प्रकार निवडला की नकाशा जास्त चांगला बसतो.

प्रकार निवडायचा तो कागद कसा बिघडला आहे, हे पाहून. कोकणातल्या दमट हवेत कागद फुगतो, आणि यंत्रावर बनलेला कागद धाग्यांच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. रोलरच्या स्कॅनरमध्ये कागद ओढला जाताना लांबीच्या दिशेला आणखी फरक पडतो. सत्तर सेंटिमीटरच्या नकाशात अर्धा टक्का फरक म्हणजे साडेतीन मिलिमीटर, जमिनीवर जवळपास 28 मीटर. `Helmert` नकाशाला दोन्ही दिशांना एकच प्रमाण देतो, म्हणून हा दोष त्याला भरून काढता येत नाही. `Polynomial 1` दोन दिशांना दोन प्रमाणं आणि थोडा तिरकेपणा मान्य करतो, आणि सरळ रेषा सरळच ठेवतो. सपाट स्कॅन केलेल्या, न फाटलेल्या गावनकाशासाठी माझी निवड बहुतेक वेळा हीच असते. कॅमेऱ्याने तिरका फोटो काढलेला असेल तर `Projective` घ्यावा. त्याला चार बिंदू पुरतात, पण जास्त द्यावेत.

वक्र प्रकारांचा धोका रत्नागिरीत जास्त आहे, आणि त्याचं कारण इथल्या जमिनीतच आहे. उपग्रहचित्रात जुने चिऱ्याचे गडगे उघड्या सड्यावर ठसठशीत दिसतात. उतारावर आणि वाडीत आंबा, काजू, माडाखाली ते लपतात. साहजिकच आपले बिंदू सड्यावर गोळा होतात आणि नकाशाची खालची बाजू रिकामी राहते. `Polynomial 2` किंवा `3` बिंदूंच्या आत छान वागतो, पण बाहेर गेला की वळत जातो. हे ओळखायला एक खूण पुरते: नकाशाची छापील चौकट, जी कागदावर सरळ आहे, ती बसवल्यावर धनुष्यासारखी झाली का? झाली असेल, तर तो प्रकार सोडावा आणि वाडीतल्या विहिरींवर, गडग्यांच्या जुन्या तिठ्यांवर जाऊन जीपीएसने बिंदू घ्यावेत. मोबाइलचा जीपीएस उघड्यावर चार-पाच मीटर चुकतो, झाडाखाली त्याहून जास्त. तरीही रिकाम्या कोपऱ्यात वक्र गणित सोडण्यापेक्षा ते बरं.

`Thin Plate Spline` ची खरी जागा आहे जीर्ण, चुरगळलेल्या, ठिकठिकाणी वेगळं ताणलेल्या नकाशासाठी, तेही भरपूर आणि तपासलेले बिंदू असतील तरच. घडीवर फाटून पुन्हा जोडलेला नकाशा असेल, तर प्रत्येक तुकडा वेगळा बसवणं जास्त प्रामाणिक ठरतं.

गैरसमज: ओळखू येईल ती कोणतीही जागा बिंदू म्हणून चालते.

देवळाचं चिन्ह नकाशात मोठं काढलेलं असतं, त्याचा मध्य म्हणजे गाभारा नव्हे. खाडीचा काठ आणि वाळूची किनाररेषा सरकते. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण झालं, तिथले चौक हलले. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण झाली, जुन्या नकाशात ती असणारच नाही. विश्वासाच्या जागा म्हणजे तीन गावांच्या शिवेचा दगड, दगडी बांधणीच्या विहिरी, न हललेल्या गडग्यांचे कोपरे. आणि उपग्रहचित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं, डोंगरउतारावर तर विशेष.

गैरसमज: निर्देशांक पद्धत कोणतीही घेतली तरी चालते.

`Target CRS` मध्ये `EPSG:4326` तसंच राहू दिलं, तर गणित अंशांत चालतं. रत्नागिरीच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी लहान असतो. `Helmert` मध्ये तो फरक चूक म्हणून दिसतो. `Polynomial 1` तो पचवतो, आणि मग कागद किती ताणला आहे ते कळत नाही. जिल्ह्यासाठी `EPSG:32643` घ्या; सगळं मीटरमध्ये येतं.

नकाशा उत्तम बसला, तरी कागदावरची 0.3 मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर जवळपास अडीच मीटर रुंद असते. त्यामुळे शेजाऱ्याशी बांधाचा वाद या नकाशावरून सोडवू नये. त्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज करावा. आणि बसवलेला नकाशा दुसऱ्याला देताना सोबत `.points` ही फाइल, वापरलेला प्रकार आणि राखून ठेवलेल्या बिंदूंवर आलेली चूक, या तीन गोष्टी जरूर द्याव्यात.