लेथ विकला: नफा की तोटा?

समजा, भोपाळच्या गोविंदपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने १ एप्रिलला १२ लाखांचा लेथ घेतला. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अशा सर्वसाधारण यंत्राचे आयुष्य १५ वर्षे धरले आहे. शेवटची किंमत ५ टक्के, म्हणजे ६० हजार मानली, तर उरलेल्या ११ लाख ४० हजारांचा सरळ रेषेने वार्षिक घसारा ७६ हजार होतो. सहा वर्षांनी पुस्तकी किंमत ७ लाख ४४ हजार.

सातव्या वर्षी, सप्टेंबरअखेर, लेथ ७ लाख २० हजारांना विकला. घाईत २४ हजारांचा तोटा लिहिला जातो, आणि तो चूक आहे. विक्रीच्या तारखेपर्यंतचा सहा महिन्यांचा घसारा, ३८ हजार, आधी लावायला हवा. मग पुस्तकी किंमत ७ लाख ६ हजार उरते आणि १४ हजारांचा नफा दिसतो. वर्षाच्या एकूण नफ्यावर परिणाम दोन्हीकडे तोच, २४ हजारांची घट; पण विक्रीचे चित्र उलटते. खरेदीच्या १२ लाखांशी तुलना इथे निरर्थकच.

प्राप्तिकरात हा हिशेब चालत नाही. तिथे विक्रीची रक्कम मालमत्तांच्या संपूर्ण गटाच्या शिल्लक किमतीतून वजा होते.