‘पैसे कटले’ इंग्रजीत कसं लिहायचं?

जून महिना, पेरणीची घाई. मानवतच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात डीएपीच्या दहा गोण्या घेणारा शेतकरी डोळ्यांसमोर आणू. गोणी साडेतेराशेची, म्हणजे बिल साडेतेरा हजार. काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला, चकती फिरत राहिली आणि शेवटी लाल अक्षरांत ‘फेल्ड’ आलं. तोवर बँकेचा मेसेज येऊन धडकला होता, खात्यातून पैसे वजा. दुकानदाराच्या स्पीकरमधून मात्र आवाज नाही. मागे रांग, बाहेर टेम्पो थांबलेला. शेतकऱ्यानं पुन्हा स्कॅन केलं, या वेळी स्पीकर बोलला आणि गोण्या टेम्पोत चढल्या.

बारा दिवस झाले तरी पहिले साडेतेरा हजार आले नाहीत. शाखेत सांगितलं गेलं की तक्रार बँकेच्या ग्राहक सेवेला ई-मेलनं करा. मग गावाकडून परभणीत कॉलेजला असलेल्या पुतण्याला मेसेज गेला, ‘हे इंग्लिशमधी करून बँकेला पाठव’ म्हणून. मेसेज साधारण असा: ‘साहेब परवा खताच्या दुकानात फोनपे केला. साडेतेरा हजार कटले पण दुकानदाराला गेलेच नाहीत. परत केला तवा गेले. माझे पैसे द्या.’

प्रसंग कल्पित आहे, पण अशा मेसेजची भाषा जिल्ह्यातल्या कुठल्याही मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानात ओळखीची वाटेल. बोलण्यात या चार वाक्यांत काहीच खटकत नाही. ती जशीच्या तशी इंग्रजीत उतरवली, की सपोर्ट टीमच्या माणसाला निदान पाच ठिकाणी अडखळायला होतं.

पहिली अडचण ‘परत’ या शब्दाची. मराठीत परत म्हणजे पुन्हा आणि परत म्हणजे माघारीही. ‘परत केला तवा गेले’ हे घाईत वाचणारा ‘रिटर्न’ असं करून बसला, तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल की दुकानदारानं पैसे माघारी दिले. मग तक्रार उरतेच कुठे? ‘परवा’चंही तसंच. होऊन गेलेला परवा, येणारा परवा आणि ‘मागे एकदा’ या अर्थाचा ऐसपैस परवा, असे तिन्ही आपण वापरतो. इथे बारा दिवसांपूर्वीचा व्यवहार ‘परवा’ झाला आहे. ‘फोनपे केला’ यावरही पुतण्यानं थांबायला हवं. कुठल्याही अ‍ॅपनं पैसे दिले तरी गावात फोनपेच केलेलं असतं. प्रत्यक्ष अ‍ॅप दुसरं निघालं, तर इंग्रजी मेलमध्ये चुकीचं नाव जातं.

आकड्यांचं प्रकरण आणखी नाजूक. साडे, पावणे, सव्वा, दीड, अडीच या मोजणीला इंग्रजीत जोडीदार नाहीत. पावणेदोन हजार म्हणजे 1,750 हे चौथीतल्या पोराला कळतं, पण इंग्रजी माध्यमात शिकलेला पुतण्या तिथेच दोन हजार सातशे पन्नास लिहू शकतो. म्हणून रक्कम मेसेजवरून घ्यायचीच नाही. बँकेच्या एसएमएसवरून घ्यायची, पैशांसकट. जुन्या माणसांच्या तोंडी बँकेचं नावही जुनं असतं. स्टेट बँक ऑफ हैदराबाद 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली, तरी मराठवाड्यात ‘हैदराबाद बँकेतलं खातं’ अजून ऐकू येतं. मेलमध्ये आजचंच नाव हवं.

हे सगळं अॅप आणि एसएमएस समोर ठेवून दुरुस्त करता येतं. खरा पेच ‘कटले’ आणि ‘गेले’ या दोन क्रियापदांत आहे.

‘पैसे गेले’ या वाक्यात करणारा दिसत नाही. कोणी घालवले ते सांगायची मराठीत गरज पडत नाही. ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. बँकेला मात्र तेच आधी कळायला हवं, कारण त्यावर तक्रारीचा प्रकार ठरतो. व्यवहार स्वतः केला पण तांत्रिक कारणानं अडकला, तर तो फसलेला व्यवहार. व्यवहार स्वतः केला, पूर्णही झाला, पण भलत्याच नंबरवर पैसे गेले, तर ती चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम. तिथे बँक समोरच्याच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून पैसे ओढून आणू शकत नाही. आणि व्यवहार आपण केलाच नाही, तर तो अनधिकृत व्यवहार. त्याचे नियम वेगळे, मुदत वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीतून असं घडलं आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांकही आहे, आणि तिथे मिनिटांना किंमत असते.

आता गावाकडचा मेसेज ‘आय लॉस्ट मनी’ असा गेला, वर जोर यावा म्हणून पुतण्यानं ‘फ्रॉड’ हा शब्द घातला, तर? तक्रार फसवणुकीच्या टेबलावर जाऊ शकते. तिथला माणूस त्याच्या जागी बरोबरच वागेल: आधी खात्याचं यूपीआय किंवा कार्ड बंद करेल, मग पोलिसांतल्या तक्रारीची प्रत मागेल. ऐन पेरणीत खातं अडकणार आणि साडेतेरा हजार जिथल्या तिथे. उलट ‘कटले’चं ‘डिडक्टेड’ केलं, तर वाचणाऱ्याला वाटू शकतं की बँकेनं काही शुल्क किंवा दंड कापला आहे. इथे ‘डेबिटेड’ हवं. आपल्या खातेवहीत त्यासाठी ‘नावे पडले’ हा नेमका शब्दप्रयोग होता. जमा आणि नावे ही जोडी ज्याला पाठ आहे, त्याला क्रेडिट-डेबिट वेगळं शिकवावं लागत नाही.

लिहिण्याआधी एक फोन मात्र दुकानदाराला करायला हवा. स्पीकर बोलला नाही याचा अर्थ पैसे कधीच पोचले नाहीत असा होत नाही. कधी कधी समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत येत नाही, अॅप हात वर करतं आणि रक्कम नंतर जमा होते. दुकानदारानं आपलं बँक स्टेटमेंट उघडून तो बारा आकडी संदर्भ क्रमांक शोधावा. सापडला, तर हा बँकेचा विषय राहत नाही. दुकानदारानंच पैसे द्यायचे, आणि त्याला रिफंड म्हणतात. नाही सापडला, तर बँकेकडे मागायचं ते रिव्हर्सल. मराठीत दोन्हीला ‘पैसे परत’. इंग्रजीत चुकीचा शब्द पडला, तर बँक दुकानदाराकडे बोट दाखवून मोकळी होऊ शकते.

तो बारा आकडी क्रमांक अॅपमध्ये यूटीआर किंवा यूपीआय रेफरन्स नंबर या नावानं दिसतो. अॅपचा स्वतःचा, अक्षरं मिसळलेला लांबलचक आयडी वेगळा; बँकेला यूटीआर लागतो. बऱ्याच वेळा या क्रमांकातच तारीख दडलेली असते: पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, पुढचे तीन अंक म्हणजे वर्षाचा कितवा दिवस. 12 जून 2025 हा वर्षातला 163 वा दिवस, म्हणून त्या दिवशीचा क्रमांक 5163 नं सुरू होण्याची शक्यता मोठी. तो 5151 नं सुरू होत असेल, तर कदाचित 31 मेचा दुसराच व्यवहार उघडला आहे. प्रत्येक अॅप हा संकेत पाळतंच असं नाही, पण चूक पकडायला तो उपयोगी पडतो. क्रमांक हातानं लिहू नये, कॉपी करावा. मराठी कीबोर्डवर टाइप केलेले देवनागरी अंक बँकेच्या शोधचौकटीत सापडतीलच याची खात्री नसते, आणि घाईच्या हस्ताक्षरातला १ नि ९ तर घरच्यांनाही फसवतो.

आपल्या उदाहरणात एकाच रकमेचे, एकाच दुकानातले, बारा मिनिटांच्या अंतरानं झालेले दोन व्यवहार आहेत. तक्रार फक्त पहिल्याची. हे स्पष्ट लिहिलं नाही, तर सपोर्टचा माणूस यशस्वी झालेला दुसरा व्यवहार उघडून ‘पैसे दुकानदाराला मिळाले आहेत’ असं उत्तर पाठवतो आणि तक्रार बंद करतो. म्हणून पुतण्यानं अखेर लिहिलेला मेल असा असावा (क्रमांक इथे झाकले आहेत, वेळा नमुन्याच्या आहेत):

```
Date, time: 12 Jun 2025, 4:40 pm
Amount: Rs 13,500.00
UTR: 5163XXXXXXX1
Status in app: Failed

My account ending 4471 was debited, but the
merchant was not credited. He has checked his
bank statement.

At 4:52 pm I paid him the same amount again
(UTR 5163XXXXXXX2). That payment succeeded.
I do not dispute it.

I made both payments myself. Please reverse
only the first one and pay the compensation
due for the delay.
```

मूळ मेसेजमधलं ‘साहेब’ यात नाही, ‘माझे पैसे द्या’मधला तळमळीचा सूरही नाही. भाषांतर करणाऱ्याला ते टोचतं. पण ‘ही हॅज चेक्ड’ आणि ‘आय मेड बोथ’ ही दोन वाक्यं मूळ मेसेजमध्ये नव्हती, ती दोन फोन करून मिळवलेली आहेत. आणि मेलचा भार त्यांच्यावरच आहे. सोबत एसएमएसचा आणि अॅपच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडायचा. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक पुरतात. पिन, ओटीपी, कार्डाच्या मागचे तीन अंक कोणी मागितले, तरी मेलमध्ये येता कामा नयेत. काकांचा मराठी मेसेज खाली तसाच ठेवलेला बरा; पुढे वाद झालाच, तर मूळ म्हणणं काय होतं ते दिसतं.

शेवटच्या ओळीतली भरपाई ही मेहेरबानी नाही. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला यूपीआयनं दिलेले पैसे खात्यातून वजा झाले पण दुकानदाराकडे व्यवहार पक्का झाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला 100 रुपये, तेही ग्राहकानं न मागता. 12 जूनचा व्यवहार म्हणजे मुदत 17 जूनपर्यंत. पैसे 26 जूनला आले, तर नऊ दिवसांचे 900 रुपये होतात. गंमत अशी की काउंटरवरचा क्यूआर दुकानाच्या नावाचा नसून मालकाच्या साध्या बचत खात्याचा असेल, तर तो व्यवहार माणसानं माणसाला पाठवलेला ठरतो, आणि तिथे मुदत एकाच दिवसाची. छोट्या गावांत असे क्यूआर कमी नाहीत. त्यामुळे मेलमध्ये ‘मर्चंट’ लिहिण्याआधी अॅपमध्ये दुकानाचं नाव दिसतं की मालकाचं, तेही पाहून घ्यावं.

मेल गेल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक जपायचा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं, आणि 14448 या क्रमांकावर मराठीतही विचारता येतं. पैसे जमा झाल्याचा एसएमएस आला, की पुतण्यानं काकांना पासबुक भरून आणायला सांगावं. एक नोंद 13,500 ची असेल. तिच्याजवळच 900 ची दुसरी आहे का, ते बघायचं.